अपुरी कड कुणाची?

सकाळी ६:१५, बदलापूर

उद्या रविवार. आमचा स्केचिंगचा गट अंबरनाथला जमणार आहे आणि त्यांच्या हातात द्यायच्या प्रॉम्प्टच्या चिठ्ठ्या आज लिहून व्हायला हव्यात. चिठ्ठी अर्ध्या पोस्टकार्डाएवढी. कुठे उभं राहायचं, पहिली रेषा कोणती, रंग कुठे पडू द्यायचा आणि चित्र कोणत्या बाजूला सोडून द्यायचं, एवढंच तिच्यावर असतं. शाईची सैल रेष, त्यावर जलरंगाचा वॉश, थोडे शिंतोडे आणि मुद्दाम अपुऱ्या ठेवलेल्या कडा, असं आमचं काम. त्यातली रेष आणि रंग सरावाने येतात. कड कुठे सोडायची हे मात्र दर जागेला नव्याने ठरवावं लागतं, म्हणून चिठ्ठी लिहायच्या आधी मी त्या जागेवर जाऊन येतेच.

सिएटलमधले पत्रकार-चित्रकार गॅब्रिएल कॅम्पनारिओ यांनी २००७ मध्ये ‘अर्बन स्केचर्स’ची सुरुवात केली. जागेवर बसून, समोरचं प्रत्यक्ष बघून काढायचं, हा त्या मंडळींचा पहिला नियम. मी तो प्रॉम्प्ट लिहिण्यालाही लावते. फोटो बघून घरी लिहिलेला प्रॉम्प्ट लगेच ओळखू येतो. त्यात ऊन कुठून येतं हे कधीच नसतं.

पिशवीत फार काही नाही. ३०० जीएसएमचा कॉटन कागद पाठीमागच्या पुठ्ठ्याला चिकटपट्टीने लावलेला, एक फाउंटन पेन, आठ नंबरचा गोल ब्रश, एक लहान ब्रश, पाण्याची बाटली, जुनं सुती फडकं आणि अर्ध्या पॅनची रंगपेटी. पेनात जलरोधक कार्बन शाई. नवीन मुलं पुष्कळदा दुकानातली वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक फाउंटन पेनात भरतात. त्या शाईत लाख असते. ती टाकाने वापरायला उत्तम, पण पेनाच्या आत सुकली की पेन कायमचं बसतं. शाई खरोखर पाणी सोसते का, हे कागदाच्या कोपऱ्यात बघून घ्यावं: चार रेघोट्या मारायच्या, दोन-तीन मिनिटं थांबायचं आणि ओलं बोट फिरवायचं. करडा डाग उठला तर त्या शाईने आज वॉश द्यायचा नाही.

सकाळी ७:३०, अंबरनाथ, शिवमंदिर

स्टेशनच्या पूर्वेकडून शेअर रिक्षाने देवळापाशी उतरले. वालधुनीच्या काठचं हे देऊळ शिलाहारांचं. इथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६० हा काळ आहे. देऊळ काळ्या दगडाचं, भिंती कोनाकोनांनी मागेपुढे होत गेलेल्या, प्रत्येक कोनावर मूर्ती आणि नक्षी. शिखर भूमिज पद्धतीचं: लहान लहान शिखरांच्या ओळी एकावर एक चढत जातात. आणि मग एकदम थांबतात. शिखराचा वरचा भाग आज नाही. गाभारा मंडपाच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं.

देवळाचं तोंड पश्चिमेला. म्हणजे सकाळी दारासमोर उभं राहिलं की सूर्य देवळामागे असतो. हिवाळ्यात तो आग्नेयेकडे कललेला, त्यामुळे पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला. दर्शनी भिंत सावलीत, शिखराची कड आभाळावर स्पष्ट उठलेली आणि दक्षिणेकडचा द्वारमंडप उन्हात इतका धुऊन निघालेला की त्याची कड डोळ्याला सापडत नाही. दुपारनंतर हेच सगळं उलटं होतं: दर्शनी भिंतीवर ऊन येतं, हजार तपशील उजळतात आणि नवशिक्याचं पेन त्या तपशिलांत अडकतं. म्हणून चिठ्ठीवर पहिली गोष्ट लिहायची ती वेळ: साडेनऊच्या आत.

आता खरा प्रश्न. या देवळाची कड अपुरी सोडायची ती कुठे?

हात आपोआप शिखराकडे जातो. ते आधीच तुटलेलं आहे, वर आभाळ मोकळं आहे, तिथेच रेष विरू द्यावी असं वाटतं. या शैलीतली अंबरनाथची पुष्कळ चित्रं अशीच असतात. खाली पाया नीट, मध्ये नक्षी, वर रंग पुसट होत गेलेला, दोन शिंतोडे. दिसायला छान. पण बघणाऱ्याला कळत नाही की वरचं शिखर काळाने नेलं की चित्रकाराने सोडलं. ज्याने देऊळ पाहिलेलं नाही, तो मनातल्या मनात शिखर पुरं करून टाकतो. म्हणजे या वास्तूची सगळ्यात मोठी खूण चित्रातून गेली.

तेव्हा इथे नियम उलटा. जिथे वास्तू स्वतः अपुरी आहे, तिथे रेष सगळ्यात ठाम हवी. आपलं अपुरेपण दुसरीकडे न्यायचं.

मी दारासमोर थोडं डावीकडे, दर्शनाला येणाऱ्यांच्या वाटेतून बाजूला बसते. पहिली रेष शिखराच्या तुटक्या कडेची. पेन मागून, टोपणाजवळ धरलेलं, हात खांद्यातून हलवत, डावीकडून उजवीकडे एका दमात. दगड जिथे खचलाय तिथे रेष खाली येते, पुढे जरा थांबते, शाईचा ठिपका मोठा होतो. तो राहू द्यायचा. सैल रेष म्हणजे घाईची रेष, असा समज आहे. सैल रेष सावकाश असू शकते, तिचं मोजमाप एवढंच की ती एकदाच जाते. खात्री नसलेला हात अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे एकावर एक जोडत जातो. त्याने कड केसाळ होते. रेष चुकली तर शेजारून दुसरी अख्खी रेष काढावी. दोन अख्ख्या रेषा डोळ्याला चालतात, वीस तुकडे चालत नाहीत.

शिखरानंतर फक्त भिंतींचे उभे कोन. मूर्ती काढायच्या नाहीत. एक निवडायची, तीही सात-आठ रेषांत, बाकीच्या जागी कोनांच्या सावल्या पुरतात. डावीकडे रेषा दाट, दारापाशी सगळ्यात गडद, आणि तिथून उजवीकडे उतरताना त्या विरळ होत जातात. दक्षिणेच्या द्वारमंडपाशी फक्त वरची एक रेष, मग ठिपके, मग कोरा कागद. तिथे ऊनच कड खातंय, त्यामुळे रेष सोडायला समोर कारण आहे.

सकाळी ८:३०, तिथेच

वॉशची वेळ. शाई कागदात बसली की नाही हे दारापाशी जिथे ती जाड पडलीय तिथे बघायचं. बारीक रेषा लगेच सुकतात, जाड ठिपक्यांना वेळ लागतो, आणि एकाच ओल्या ठिपक्यावरून ब्रश फिरला तर अख्ख्या भिंतीवर काळं पाणी पसरतं.

काळ्या दगडाला पेटीतला काळा लावला की तो भोकासारखा दिसतो. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळले की जिवंत करडा मिळतो. निळा जास्त ठेवला तर सावली गार, सिएना जास्त ठेवला तर दगड उबदार. सावलीतल्या दर्शनी भिंतीला निळसर करडा हवा, दाराच्या वर जिथे जमिनीवरचा उजेड उलट पडतो तिथे थोडा सिएना. मोठा ब्रश भरपूर भिजवून शिखराखालून सुरुवात करायची आणि रंग एकदाच खाली ओढत आणायचा. रंगाने रेषेपर्यंत पोचायची गरज नाही. काही ठिकाणी तो रेषेच्या आत थांबतो, काही ठिकाणी बाहेर सांडतो. प्रत्येक रेषेला बरोबर टेकवला की चित्र रंगभरणाच्या पुस्तकातलं होतं.

शिखराच्या वरच्या कडेला मात्र रंग नेमका टेकवायचा. ही एकच जागा अशी. रेष ठाम, रंगही ठाम, म्हणजे तुटलेपण दगडाचं आहे हे स्पष्ट.

मग उजवीकडे खाली येताना ब्रशमधलं पाणी वाढवत रंग पातळ करायचा आणि शेवटी नुसत्या पाण्याने कड मऊ करून सोडायची. इथे वेळेची गोम आहे. कागदावर चकाकी आहे तोवर हे जमतं. चकाकी गेली पण कागद अजून दमट आहे, अशा वेळी पाणी घातलं तर ते रंगाला मागे रेटतं आणि फुलकोबीच्या कडेसारखा डाग उठतो. हिवाळ्यातल्या अशा सकाळी पाचेक मिनिटं मिळतात. उन्हाळ्यात त्याहून कमी. पावसाळ्यात वीस मिनिटांनीही कागद ओलाच असतो, तेव्हा एकाच बैठकीत दुसरा थर द्यायचा नाही. शंका आली तर हाताची मागची बाजू कागदाजवळ नेऊन पाहावी. गार लागला तर दमट आहे.

शिंतोडे सगळ्यात शेवटी, आणि तेही सगळीकडे नाहीत. शिखरावर आणि दारावर टाकाऊ कागद झाकायचा. भरलेला ब्रश कागदापासून वीतभर वर धरून बोटावर आपटायचा, उजव्या खालच्या कोपऱ्याच्या दिशेने. रंग तोच, करडा. थेंब एका दिशेने गेले की विरणारी कड कुठे चाललीय ते दिसतं. चारी बाजूंना उडवले की नुसती सजावट होते.

पुजाऱ्यांच्या घरातल्या वाटणाऱ्या एक आजी मागे येऊन उभ्या राहिल्या. “कळस का नाही काढला बाई?”

“आजी, नाहीये ना तो.”

त्यांनी वर पाहिलं, कागदाकडे पाहिलं. “हां, तसंच आहे,” म्हणाल्या आणि प्रदक्षिणेला गेल्या. शिखराची रेष हवी तेवढी ठाम झालीय, याची मला खात्री पटली.

सकाळी ११:३०, उल्हासनगर

पुढच्या स्टेशनवर उतरून कॅम्पात. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना इथल्या कल्याण मिलिटरी कॅम्पच्या बराकींमध्ये जागा दिली गेली, आणि ऑगस्ट १९४९ मध्ये गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते उल्हासनगरची पायाभरणी झाली. लोक आजही पत्ता एक ते पाच नंबरच्या कॅम्पने सांगतात. जुन्या बराकी थोड्या उरल्यात. लांबलचक, उतरत्या छपराच्या, आडव्या भिंती घालून खोल्या पाडलेल्या. प्रत्येक घराने आपापली खोली पुढे वाढवलीय. एकाने ओटा केलाय, एकाने पत्र्याचं दुकान, एकाने वर मजला चढवून स्लॅबमधून सळया उभ्या ठेवल्यात, पुढच्या मजल्यासाठी.

इथली अडचण देवळाच्या उलटी आहे. तिथे कड तुटून संपते, इथे कड संपतच नाही. बराकीच्या डाव्या टोकापासून सुरुवात केली की वायर, पाट्या, दुचाकी, जीन्सचे गठ्ठे, मीटरच्या पेट्या असं काढत पेन कागदाबाहेर जातं. म्हणून इथल्या चिठ्ठीवर मी जागा बांधून देते: छपराची एकच लांब रेष कागदाच्या डाव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत, मध्ये पेन न उचलता. ती जुन्या बराकीची रेष. तिच्या खाली फक्त एका घराचं दार पुरं करायचं, आजूबाजूची घरं नुसत्या उभ्या रेषांनी मोजून सोडायची.

सळयांचं काय? त्याही ठाम काढायच्या. स्लॅबवर उभ्या सळया म्हणजे घर वाढणार आहे, हे त्या कुटुंबाने लिहून ठेवल्यासारखं आहे. त्या पुसट केल्या तर ती खबर जाते. रंग एकच: दारातल्या दुकानावर टांगलेल्या जीन्सचा निळा. तो ओला असताना खाली रस्त्यावर ओघळू द्यायचा आणि रस्ता कोरा ठेवायचा. चित्र संपतं ते रस्त्यावर, पाहणाऱ्याच्या पायाशी.

ऊन डोक्यावर आलं तसं सावल्या गेल्या आणि काढण्यासारखं काही राहिलं नाही. कोपऱ्यावर दाल-पकवान खाऊन परतीची लोकल धरली.

दुपारी २:३०, टेबलावर

दुपारचं काम लिहिण्याचं. सगळीकडे फिरणारा प्रॉम्प्ट साधारण असा असतो: ‘जुनं देऊळ, सैल पेनरेषा, जलरंगाचे शिंतोडे, अपुऱ्या कडा.’ यात चित्र दिसल्यावर वापरायची विशेषणं आहेत, काढताना उपयोगी पडेल असं काही नाही. असा प्रॉम्प्ट हाती आला की बहुतेक जण देऊळ कागदाच्या मधोमध पुरं काढतात आणि मग भोवती सगळीकडून सारखं पुसट करतात. त्याने अंड्याच्या आकाराचं पांढरं वलय होतं, चारी कोपरे सारखे. अपुरेपणा ठरवलेला आहे की वरून लावलेला, हे याच खुणेवरून ओळखावं. ठरवलेल्या चित्रात चारी कोपरे वेगवेगळ्या आकाराचे उरतात. एक-दोन बाजूंनी चित्र कागदाच्या कडेला जाऊन भिडतं आणि बाकीच्या बाजूंनी आत थांबतं.

चिठ्ठी लिहिताना मी विशेषणं काढून क्रियापदं घालते. ‘सैल रेष’ऐवजी ‘पेन मागून धरा, शिखर एका रेषेत काढा’. ‘शिंतोडे’ऐवजी ‘शिखर झाका, उजवीकडे खाली उडवा’. ‘अपुरी कड’ऐवजी ती कड कोणती आणि ती सोडायचं समोर दिसणारं कारण काय, हे. कारण सापडत नसेल तर ती कड सोडायची नाही.

याच देवळापाशी १८६८ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधली मंडळी सरकारच्या सांगण्यावरून येऊन राहिली होती. त्यांनी रेखाटनं केली, मूर्तींचे आणि नक्षीचे साचे घेतले. त्यांचं काम मोजमापाचं, एकही कोन सोडायचा नाही असं. आमच्या गटातल्या मुलांना मी हे आवर्जून सांगते, कारण त्या कामात आणि आमच्यात एक गोष्ट समान आहे: त्यांनाही तुटलेलं शिखर तुटलेलंच काढावं लागलं. नोंद करणाऱ्याला मनाने कळस चढवता येत नाही. आम्ही पाया सोडून देऊ शकतो, नक्षी सोडून देऊ शकतो, पण जे नाही ते नाही असंच दाखवायची जबाबदारी आमच्यावरही आहे.

संध्याकाळी ५:००, बदलापूर, उल्हास नदीकडे

चिठ्ठी गटाला देण्याआधी दोघा-तिघांवर करून बघते. आज कॉलेजात शिकणारी एक मुलगी आणि रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका आले होते. समोर नदी, पलीकडे झाडी, त्यावर बांधकाम चालू असलेला टॉवर, आणि मागे टवली-चंदेरीचा डोंगर संध्याकाळच्या धुरकट उजेडात. चिठ्ठीवर लिहिलं होतं: टॉवरची वरची कड पहिली आणि ठाम, डोंगर पेन न लावता फक्त रंगाने, नदी कोरी.

काकांचं चित्र पटकन जमलं. मुलगी मात्र अडली. तिने टॉवरचे वरचे अर्धवट मजले हलक्या तुटक रेषांत काढले, कारण ते अर्धवट आहेत.

“ताई, इमारतच पुरी नाही, मग रेष तरी पुरी कशी काढू?”

मी तिला चित्र उलटं धरायला सांगितलं. उलट्या चित्रात वस्तू ओळखू येत नाही, त्यामुळे डोळा फक्त गडद-फिकट बघतो. तिचा टॉवर वर जाऊन डोंगरात मिसळला होता. दोन्ही फिकट, दोन्ही मऊ. उभी राहत असलेली इमारत आणि धुरकट डोंगर यांची कड एकच झाली होती.

“आता बघ, इथे विरतोय कोण? डोंगर. टॉवर विरत नाहीये, त्याचं काम चालू आहे. खांब कसे कापल्यासारखे थांबलेत?”

तिने नवीन कागद घेतला. यावेळी सगळ्यात वरचे उघडे खांब, क्रेनचा हात आणि हिरवी जाळी जाड रेषेत, दाबून काढली. खालचे राहते मजले, ज्यांत दिवे लागले होते, तिने अर्ध्यावर सोडून दिले आणि झाडीचा ओला हिरवा त्यांच्यात वर चढू दिला. डोंगराला निळसर करड्याचा एकच हात मारला. टॉवर अपुरा आहे आणि चित्रही अपुरं आहे, पण दोन्ही वेगवेगळ्या जागी. काका बराच वेळ ते चित्र पाहत होते.

तिच्या प्रश्नामुळे उद्याच्या चिठ्ठीत एक ओळ वाढवायला हवी हे कळलं. ‘ठाम’ एवढंच लिहून भागत नाही. त्याचं कारणही त्याच ओळीत हवं.

रात्री ८:३०

चिठ्ठी पक्की झाली. ती अशी:

‘अंबरनाथ, शिवमंदिर. पश्चिमेकडून, दारासमोर थोडं डावीकडे. साडेनऊच्या आत. कागद उभा.
पहिली रेष शिखराच्या तुटक्या कडेची, पेन न उचलता. ही कड काळाने तोडली आहे, आपण नाही, म्हणून रेष आणि रंग दोन्ही तिथे नेमके टेकवा.
भिंतींचे फक्त उभे कोन. मूर्ती एकच.
करडा: अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना. शिखराखालून एकदाच खाली ओढा. दारात सगळ्यात गडद.
दक्षिणेचा द्वारमंडप उन्हात हरवतो, तिथे रेष आधी ठिपके करा, मग थांबवा. कागद ओला चकाकतोय तोवरच कड मऊ करा.
शिखर झाकून शिंतोडे उजवीकडे खाली.
डावीकडे चित्र कागदाच्या कडेला भिडू द्या. चारी कोपरे एकसारखे होऊ देऊ नका.’

बराकीची आणि नदीची चिठ्ठी पुढच्या दोन रविवारी. गटाला निरोप धाडला: साडेसातला देवळापाशी, फडकं विसरू नका, आणि पेनात लाखेची शाई भरू नका.